बाथरूमच्या दाराबाहेर बसलेलं कुत्रं

सकाळी सहाला मी पलंगावरून पाय खाली टाकले, की तांबीची नखं फरशीवर वाजायला लागतात. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितो, तर ती माठाजवळ उभी असते. दारातला पेपर उचलायला जातो, तेव्हा ती माझ्या पायाशी येऊन थांबते. मग मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो आणि दाराखालच्या बोटभर फटीत तिचं काळं, ओलं नाक दिसतं. दोनदा हुंगल्याचा आवाज येतो, एक लांब सुस्कारा ऐकू येतो आणि दाराला पाठ टेकून ती खाली बसते. साडेसहा वर्षं हे रोज चाललंय. तांबी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सापडलेली गावठी कुत्री. आली तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना यातलं काहीच नवीन नाही. पण ते असं का करतं, हे विचारलं की उत्तरं दोनच मिळतात. एक म्हणजे ‘फार जीव आहे हो त्याचा तुमच्यावर’ आणि दुसरं म्हणजे ‘लाडावून ठेवलंय तुम्ही’. पहिल्या उत्तरात थोडं तथ्य आहे. दुसऱ्याने मात्र बऱ्याच कुत्र्यांचं नुकसान झालंय. मला वाटतं, खरं उत्तर बाथरूमच्या दारापाशीच सापडतं, कारण घरातली ती एकच जागा अशी आहे जिथे आपण कुत्र्याला रोज न चुकता बाहेर ठेवतो आणि काही मिनिटांनी न चुकता परत येतो. माणूस आणि कुत्रं यांचं नातं तपासायला शास्त्रज्ञांनी जो प्रयोग केला, त्याची रचनाही जवळपास अशीच होती.

मूळ प्रयोग कुत्र्यांचा नव्हता, तान्ह्या मुलांचा होता. 1960च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी साधारण वर्षभराच्या मुलांना आईसोबत एका अनोळखी खोलीत आणलं. खोलीत खेळणी होती. थोड्या वेळाने एक परकी बाई आत येई, मग आई बाहेर जाई, काही मिनिटांनी परत येई. मूल आई असताना किती खेळतं, ती गेल्यावर काय करतं, आणि ती परत आल्यावर काय करतं, एवढंच पाहायचं. एन्सवर्थबाईंना सगळ्यात बोलकी वाटली ती परत भेटण्याची घडी. आई गेल्यावर रडणारी मुलं पुष्कळ होती. पण काही मुलं आई येताच तिला बिलगत, घटकाभरात शांत होत आणि पुन्हा खेळण्यांकडे वळत. काही मात्र बिलगूनही शांत होत नसत. आधीची मुलं आईकडे एक भक्कम ठाणं म्हणून पाहत होती. त्या ठाण्यावरून जगात थोडं पुढे जाऊन यायचं, भीती वाटली की परतायचं, आणि धीर आला की पुन्हा निघायचं.

1998 साली बुडापेस्टच्या योझेफ टोपाल, आदाम मिक्लोशी आणि विल्मोश चानी यांनी हाच प्रयोग कुत्रं आणि त्याचा मालक अशा 51 जोड्यांवर करून पाहिला. कुत्र्यांसाठी अनोळखी खोली, मालक, एक परका माणूस आणि दोन-दोन मिनिटांचे टप्पे. मालक खोलीत असताना कुत्री जास्त खेळत होती, जास्त हुंगत फिरत होती. मालक बाहेर गेला की त्यांचा बराच वेळ दारापाशी उभं राहण्यात जाई, आणि खोलीत शेजारी तो परका माणूस असला तरी त्याने फार फरक पडत नसे. मालक परतला की ती धावत त्याला भेटत. ती भेट परक्याच्या भेटीपेक्षा उघडपणे वेगळी होती. पुढे 2001मध्ये याच गटाने अनाथ कुत्र्यांच्या निवाऱ्यात आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती वाचून मला अजूनही भरून येतं. निवाऱ्यातल्या मोठ्या वयाच्या कुत्र्यांना एका माणसाने दहा-दहा मिनिटं, फक्त तीनदा वेळ दिला. तेवढ्यावर ती त्या माणसाशी मालकाशी वागावं तशी वागायला लागली. अर्धा तासच झाला म्हणायचा.

आता घरातलं हिंडणं याच चष्म्यातून पाहा. आपल्याला वाटतं, कुत्रं आपल्यामागे येतं म्हणजे त्याला आपल्याकडून काहीतरी हवंय. पुष्कळदा त्याला काहीच नको असतं. आपण जिथे असू तिथे त्याचं ठाणं असतं, आणि आपण उठलो की ते ठाणंच हलतं, म्हणून तेही हलतं. व्हिएन्नामधल्या लिझा हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013मध्ये हे फार नेमकेपणाने दाखवलं. त्यांनी कुत्र्यांना आत खाऊ भरलेलं खेळणं दिलं. खाऊ बाहेर काढायला ते चिकाटीने हलवावं लागे. मालक खोलीत नुसता गप्प बसला असला तरी कुत्री जास्त वेळ खटपट करत. मालक खोलीत नसला की लवकर सोडून देत. मालकाच्या जागी परका माणूस बसवला तर त्याचा तसा उपयोग होत नसे. म्हणजे खाऊ समोर होता, भूकही होती, पण आपलं माणूस जवळ नसेल तर जीव कामात लागत नव्हता. तांबीसुद्धा मी घरात असताना तासभर हाड चघळत बसते. मी बाहेर गेलो की हाड तसंच पडून राहतं, हे मी आईकडून कितीदा ऐकलंय.

हे सगळं जुनंच आहे, फक्त आता घर आक्रसलंय. माझ्या आजोबांचा वाघ्या कधी घरात आला नाही. त्याची हद्द ओट्यापर्यंत. पण आजोबा मळ्यात निघाले की तो मागे, विहिरीवर गेले की विहिरीच्या काठाला, बैलांना पाणी दाखवायला नेलं की ओढ्यापर्यंत. त्याने दिवसातून कितीतरी अंतर माणसाच्या मागे कापलं असेल, पण ते कुणाला खटकलं नाही, कारण त्या चालण्याला जागा होती. धनगरांचं कुत्रं तर तांड्याबरोबर जिल्हेच्या जिल्हे ओलांडतं. तांबीचा मळा म्हणजे हॉल, तिची विहीर म्हणजे स्वयंपाकघर, आणि ओढा म्हणजे बाथरूम. आठ पावलांत संपणारं गाव आहे ते. आपण दिवसातून पन्नास वेळा खोली बदलतो, म्हणून कुत्रं आपल्या पायात येतं.

पाठोपाठ चालणं किती खोलवर मुरलेलं आहे, हे फ्रान्समध्ये शार्लोट दुराँतो, तिएरी बेदोसा आणि फ्लोराँस गोने यांनी तपासलं. मालकांना सांगितलं होतं की कुत्र्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही, फक्त ठरल्याप्रमाणे उभं राहायचं, चालायचं, थांबायचं. तरी मालक चालला की कुत्री चालत, थांबला की थांबत. बोलावणं नाही, पट्टा नाही, खाऊ नाही. आपली पावलंच त्यांना पुरतात.

मग बाथरूमच का?

इथे मी एका लोकप्रिय उत्तराबद्दल मनापासून बोलतो, कारण ते मला फार वेळा पाठवलं जातं. ‘शौचाला बसलेला प्राणी बेसावध असतो, म्हणून कुत्रं आपली राखण करायला येतं’ असं ते उत्तर. ऐकायला छान वाटतं. पण राखण करणारं कुत्रं बाहेरच्या दिशेला तोंड करून बसतं, कान ताठ ठेवतं आणि जिन्यातल्या पावलांवर भुंकतं. बाथरूमबाहेर बसलेली बहुतेक कुत्री आत, दाराकडे नाक करून असतात किंवा दाराला टेकून झोपून जातात. त्यांचं लक्ष आपल्यावर असतं, शत्रूवर नसतं.

बाथरूमचं वेगळेपण दुसऱ्या गोष्टींत आहे. पहिली म्हणजे दार. घरातल्या बाकीच्या खोल्यांची दारं बहुधा उघडीच असतात. कुत्र्याला आत यायचं की नाही हे ते स्वतः ठरवतं, आणि ठरवता येतं म्हणून पुष्कळदा येतही नाही. हॉलमधूनच मान वळवून बघतं. बंद दाराने ती मुभा काढून घेतली की त्याच कुत्र्याला आत काय चाललंय हे कळेनासं होतं, आणि मग ते जवळ येऊन बसतं. ज्यांच्या घरी बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं असतं, त्यांनी एकदा बघावं. पुष्कळ कुत्री नाकाने दार ढकलतात, आत एक नजर टाकतात आणि निघून जातात. त्यांना आत यायचंच नव्हतं. तुम्ही आत आहात, एवढी खात्री करून घ्यायची होती.

दुसरी गोष्ट वास. बाथरूममध्ये आपले अंगावरून उतरवलेले कपडे, टॉवेल, कंगव्यात अडकलेले केस असतात. आपल्या वासाचा एवढा दाट साठा घरात इतरत्र नसतो. अमेरिकेत ॲटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने 12 कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात न बांधता, शिकवून स्वस्थ झोपायला लावलं आणि पाच वास दिले: त्याचा स्वतःचा, ओळखीच्या आणि परक्या कुत्र्याचा, ओळखीच्या आणि परक्या माणसाचा. मेंदूचा जो भाग काहीतरी चांगलं मिळणार या अपेक्षेने जागा होतो, तो ओळखीच्या माणसाच्या वासाला सगळ्यात जास्त जागा झाला, आणि तो माणूस त्या वेळी तिथे नव्हता. यावरून ‘कुत्र्याचं प्रेम यंत्रात दिसलं’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. एवढं मात्र म्हणता येतं की आपला वास त्याला हवासा असतो, आपण समोर नसलो तरी.

तिसरी गोष्ट आपण स्वतः शिकवतो. आपल्या लक्षात येत नाही. स्वयंपाकघरात मागे आलं तर पोळीचा तुकडा रोज मिळत नाही. चार-पाच वेळांतून एकदा मिळतो. पण सवय पक्की व्हायला हेच पुरतं, किंबहुना रोज मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या गोष्टीची सवय सुटायला जास्त वेळ लागतो, कारण आज नाही मिळालं तरी उद्याची आशा संपत नाही. बाथरूममधून बाहेर आल्यावर आपण काय करतो ते आठवा. दारात बसलेल्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतो, ‘बसलीस का गं इथे’ म्हणतो. हा हात त्याला पोळीइतकाच मोलाचा असतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतात. 2017मध्ये त्यांनी दाखवलं की परक्या माणसावर भटकं कुत्रं विश्वास टाकायला लागतं, ते वारंवार खायला घातल्यापेक्षा वारंवार कुरवाळल्याने जास्त. रस्त्यावरच्या, पोटासाठी रोज वणवण करणाऱ्या कुत्र्यांची ही गोष्ट आहे. घरच्या कुत्र्याला तर पोटाची चिंताच नाही. मग हात मिळवायला ते दहा मिनिटं दारात बसणारच.

आणि कधीकधी कारण आपण नसतोच. मे महिन्यात तांबी मी नसतानाही बाथरूममध्ये जाऊन पोट टेकून झोपते, कारण तिथली फरशी घरात सगळ्यात गार. दिवाळीत फटाके सुरू झाले की ती मोरीच्या कोपऱ्यात शिरते. तिथे खिडकी छोटी आहे आणि आवाज कमी येतो. हे ओळखायचं कसं, तर आपण उठून दुसऱ्या खोलीत जायचं. कुत्रं मागे आलं तर ते आपल्यासाठी आलं होतं. तिथेच राहिलं तर ते जागेसाठी.

दाराबाहेर काय होतं

माझं म्हणणं असं की कुत्रं मागे येतं की नाही, याला फार महत्त्व देऊ नये. दार बंद झाल्यावर ते काय करतं आणि दार उघडल्यावर काय करतं, ते बघावं. हे मला कळलं ते शेजारच्या काकूंच्या सोनूमुळे.

सोनू पाच वर्षांचा पॉमेरेनियन. काकूंची मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि तिचा कुत्रा काकूंकडे राहिला. काकू एकट्याच. ‘मला बाथरूमलासुद्धा जाऊ देत नाही, इतका जीव आहे,’ असं त्या कौतुकाने सांगायच्या. एकदा त्यांच्याकडे गेलो असताना बाथरूमच्या दाराची खालची कड दिसली. लाकडावर ओरखडे होते आणि रंग वीतभर उडालेला. त्या कौतुकाबद्दल मला तेव्हा शंका आली. मी सुचवलं की आंघोळीला जाताना फोन समोरच्या चपलांच्या कपाटावर उभा ठेवून व्हिडिओ चालू ठेवा, आणि दारापाशी पनीरचा एक तुकडा टाका. मीही घरी तसंच केलं.

तांबीचा व्हिडिओ बारा मिनिटांचा होता. पहिली वीसएक सेकंदं ती फटीला नाक लावून उभी. मग एक गिरकी घेऊन पनीर खाल्लं आणि आडवी झाली. दुसऱ्या मिनिटाला हनुवटी पुढच्या पायांवर. आत बादलीत तांब्या आपटला की एक कान वळायचा, बाकी अंग हलायचं नाही. पाचव्या मिनिटाला आईने फ्रिज उघडला, तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली, काही मिळालं नाही म्हणून परत येऊन बसली. मी कडी काढण्याआधीच तिने मान वर केली, कारण पाण्याचा आवाज थांबला होता. मी बाहेर आलो. तिने अंग ताणलं, शेपूट खाली ठेवूनच दोन-चारदा हलवलं, माझा ओला हात हुंगला आणि माझ्या पुढे चालत हॉलमध्ये गेली. पुन्हा तिच्या हाडाकडे.

सोनूच्या व्हिडिओत तो एकदाही बसला नाही. जानेवारीची सकाळ होती तरी तोंड उघडं ठेवून धापा टाकत होता. दारावर पंजे, मग कॉरिडॉरच्या टोकापर्यंत फेरी, परत दारावर पंजे. लाळ ठिबकून फरशीवर ओला पट्टा झाला होता. पनीर त्याच्या पायाखाली चेंगरलं, पण त्याने ते तोंडात घेतलं नाही. खादाड म्हणून ओळखला जाणारा कुत्रा पनीरकडे बघतसुद्धा नाही, ही त्या व्हिडिओतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती. घाबरलेल्या कुत्र्याला घास उतरत नाही. काकू बाहेर आल्यावर तो उड्या मारत राहिला, कुरकुरत राहिला, आणि काकूंनी उचलून घेतल्यावरही बराच वेळ त्याची छाती धडधडत होती.

दोघंही मागे फिरतात, दोघंही दाराबाहेर थांबतात. पण तांबी ठाण्यावर थांबलेली असते, आणि सोनूचं ठाणंच हरवलेलं असतं. भेटीतही तोच फरक दिसतो, एन्सवर्थबाईंनी मुलांमध्ये पाहिलेला. एक भेटून कामाला लागते, दुसरा भेटूनही सावरत नाही. काकूंना मी हे जपूनच सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे इतके दिवस तो घाबरत होता, आणि मी हसत होते.’ त्यांना वाईट वाटलं, ते साहजिक होतं. पण चूक त्यांची नव्हती. 2001 साली अमेरिकेत जेरार्ड फ्लॅनिगन आणि निकोलस डॉडमन यांनी अशा कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकटा माणूस असलेल्या घरांत हा त्रास जास्त आढळला. घरात एकच माणूस असेल तर कुत्र्यासाठी ठाणंही एकच उरतं. सोनूच्या बाबतीत त्यातलं पहिलं माणूस एकदा निघूनही गेलेलं होतं.

सोनूला काय केलं

काकू आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या, आणि ते बरोबर होतं. दुखणं-खुपणं, थायरॉइड, पोटाचा त्रास यांतूनही कुत्रं अस्वस्थ होतं. ते सगळं नीट होतं. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाचा विचार नंतर करू, आधी दाराचा सराव करा.

सरावाचं तत्त्व एवढंच की घाबरण्याआधी दार उघडायचं. पहिले आठ दिवस काकूंनी दार लावलंच नाही. बाथरूमबाहेर जुन्या साडीची चौघडी घातली आणि सोनू तिच्यावर बसला की तिथेच खाऊ द्यायला लागल्या. ती चौघडी म्हणजे काहीतरी चांगलं, हे आधी रुजायला हवं होतं. मग दार लोटायचं, दोन सेकंदांत उघडायचं, खाऊ. असं दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पाच-सहा वेळा. मग कडी लावायची, आवाज झाला की लगेच काढायची, कारण सोनूला खरी धास्ती त्या कडीच्या आवाजाची होती. तो आवाज आला की पुढची दहा मिनिटं एकटं राहायचं, हे तो शिकलेला होता. मग पाच सेकंद, दहा, पुन्हा तीन, मग पंधरा. वेळ सारखी वाढवत नेली तर कुत्र्याला प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा अवघड होत जाते. मधे सोपी खेप आली की त्याचा धीर टिकतो.

सगळ्यात कठीण भाग वेगळाच होता. हा सराव चालू असताना सोनूला खरंखुरं दहा मिनिटं बाहेर ठेवून चालत नव्हतं, कारण एक मोठी धास्ती आठ दिवसांची कमाई पुसून टाकते. म्हणून रोजच्या आंघोळीला काकू दाराच्या चौकटीत लहान मुलांसाठी लावतात तसं लाकडी अर्धं फाटक लावायच्या आणि आतल्या बाजूने पडदा ओढून घ्यायच्या. सोनूला त्यांचा आवाज ऐकू यायचा, पायही दिसायचे. दोनदा गडबड झाली. एकदा काकूंनी घाईत थेट एक मिनिट करून पाहिलं, त्याने पुन्हा पंजे मारले, आणि त्या परत पाच सेकंदांवर आल्या. चिडल्या नाहीत, हे त्यांचं खरं यश. ओरडण्याने किंवा ‘सवय मोडायला’ बाहेर कोंडून ठेवल्याने असं कुत्रं आणखी बिथरतं. माणूस जाणं वाईट असतं हे त्याला माहीत होतंच, आता माणूस चिडणंही त्याला जोडलं जातं.

तिसऱ्या महिन्यात सोनू चौघडीवर आडवा झाला आणि आंघोळ होईपर्यंत तसाच राहिला. त्या दिवशी काकूंनी मला व्हिडिओ पाठवला. नवव्या मिनिटाला तो घोरत होता. तो अजूनही काकूंच्या मागे घरभर फिरतो. ते थांबवायचं आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

‘मागे फिरू देऊ नका, नाहीतर तो तुमच्यावर हुकूम गाजवायला लागेल’ असा सल्ला अजूनही दिला जातो. मागे चालणारं कुत्रं हुकूम गाजवत नसतं. वर सांगितलेल्या एकाही प्रयोगात तसं काही दिसलेलं नाही. ज्याला अडचण होत असेल, स्वयंपाक करताना पायात येत असेल, त्याने ओट्यापासून चार हातांवर अशी एक चौघडी घालावी आणि कुत्रं तिथे बसलं की खाऊ तिथेच द्यावा, हातातून ओट्यापाशी देऊ नये. तुम्ही दिसत असाल तर पुष्कळ कुत्र्यांना तेवढं अंतर चालतं.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष हवं. आयुष्यभर आपल्या तंद्रीत राहिलेलं कुत्रं म्हातारपणी अचानक सावलीसारखं मागे फिरायला लागलं, तर ते माया वाढल्यामुळे असेल असं समजून सोडून देऊ नये. ऐकू येणं कमी झालं की कुत्र्याला आपण कोणत्या खोलीत आहोत हे आवाजावरून कळत नाही. आधी ते जिथे पडल्या पडल्या आपला मागोवा घ्यायचं, तिथे आता डोळ्यांनी बघावं लागतं, म्हणून ते उठून मागे येतं. दृष्टी अधू झाली तर भिंतीला आणि आपल्या पायाला घसटून चालतं. काही म्हाताऱ्या कुत्र्यांची रात्र-दिवसाची समज ढळते, ती रात्री उठून फिरतात, कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात, ओळखीच्या दाराच्या चुकीच्या बाजूला थांबतात. सांधे दुखत असले तरी कुत्रं अस्वस्थ होऊन माणसाला चिकटतं. कानाची परीक्षा घरी करता येते. कुत्रं झोपलेलं असताना, त्याला न दिसेल अशा जागेवरून, जमिनीला कंप जाणार नाही अशा बेताने टाळी वाजवायची. कान हलला नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. दुखण्यावर औषध आहे. बहिऱ्या कुत्र्यासाठी आपण खोली सोडताना त्याच्या पाठीला हलकेच हात लावून निघायचं, म्हणजे जाग आल्यावर आपण नाहीसे झालोय असं त्याला वाटत नाही.

तांबीच्या तोंडावर आता पांढरे केस आलेत. परवा मी बाथरूमची कडी काढली तेव्हा ती दाराबाहेर गाढ झोपलेली होती, पाण्याचा आवाज थांबल्यावर मान वर झाली नव्हती. पुढच्या आठवड्यात तिचे कान तपासायला नेतोय. तोवर बाथरूमला जाताना वाकून तिच्या पाठीवर हात ठेवतो, मगच कडी लावतो.